पांटुम: ओळ तीच, शेजार नवा

तुमची पांटुम प्रकारातली कविता वाचली. साचा बरोबर जमलाय, प्रत्येक कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्यात पहिली आणि तिसरी होऊन येते. पण परत आलेली ओळ आधीचंच सांगते, त्यामुळे कविता जागीच फिरते.

ओळ तीच ठेवून अर्थ कसा बदलतो, हे बघा:

बाबांना यायला उशीर होतो,
दार उघडंच असतं.

पुढच्या कडव्यात:

दार उघडंच असतं,
माणसं येतात, फोटोला हात जोडतात.

शब्द एकही बदलला नाही, पण वाट पाहणारं दार सुतकातलं झालं. 'आईने बाबांसाठी दार उघडं ठेवलं' असं लिहिलं असतं, तर ती ओळ तिथेच अडकली असती. म्हणून परतणाऱ्या ओळीत कोणी, कोणासाठी हे शक्यतो सांगू नका. ते शेजारच्या ओळीला सांगू द्या. मला तर विरामचिन्ह बदललेलंही चालतं.

शेवटचं कडवं आधीच डोक्यात ठेवा. तिथे पहिल्या कडव्याची तिसरी ओळ दुसरी होते आणि कवितेची पहिली ओळ अगदी शेवटी येते. फोटोनंतर पुन्हा वाचून पाहा: बाबांना यायला उशीर होतो.