पहिले सतरा तास

प्रश्न : "वीज कंपनीचा माणूस असल्याचे सांगून आईच्या खात्यातून ऐंशी हजार काढले. तक्रार करून काही उपयोग होतो का? असे लोक सापडतात का?"

उपयोग होतो, मात्र तक्रार किती वाजता केली यावर तो अवलंबून असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये माझ्या वडिलांच्या खात्यातून याच पद्धतीने १,२४,९९८ रुपये गेले. त्या वेळी आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि सातारा जिल्ह्यात राहतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना संदेश आला की, मागील बिलाची नोंद झालेली नसल्याने रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा बंद होईल. त्यांनी खालच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या माणसाने अदबीने बोलत त्यांच्याकडून एक ॲप उतरवून घेतले आणि नोंदीसाठी दहा रुपये कार्डाने भरायला सांगितले. ते ॲप फोनचा पडदा दुसरीकडे दाखवणारे होते. त्यामुळे कार्डाचा क्रमांक आणि त्यापाठोपाठ आलेले ओटीपी त्या माणसाला तिकडे बसून वाचता आले. वडिलांनी ओटीपी तोंडाने कुणालाही सांगितला नव्हता. ७ वाजून ४२ मिनिटे ते ७ वाजून ५८ मिनिटे या वेळात ४९,९९९, पुन्हा ४९,९९९ आणि २५,००० असे तीन व्यवहार झाले.

आठ वाजता घरातल्या सर्वांना हे कळले होते. माझे मेहुणे बँकेत नोकरी केलेले असल्याने त्यांचा शब्द मानला गेला. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार असल्याने बँक बंद राहील, सोमवारी शाखेत लेखी अर्ज देऊ, पोलिसांत गेल्यास गावभर चर्चा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही ते ऐकले. शनिवारी दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी मी पुण्याहून सायबर फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर फोन लावला, तेव्हा पहिल्या व्यवहाराला सतरा तास होत आले होते.

या क्रमांकावर नेमके काय होते, हे लोकांना माहीत नसल्याने ते सोमवारची वाट पाहतात. तिथला कर्मचारी आपल्या बँकेचे नाव, खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम व वेळ आणि त्याचा संदर्भ क्रमांक विचारतो. आयएमपीएस किंवा यूपीआयचा हा क्रमांक बारा अंकी असतो आणि बँकेच्या संदेशातच मिळतो. वडिलांनी फोनवरून वाचून दाखवताना एक अंक चुकवला आणि तो दुरुस्त करण्यात आमची पंधरा मिनिटे गेली, म्हणून संदेशाचे छायाचित्र काढून समोर ठेवावे. ही नोंद केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेतून थेट पैसे पोहोचलेल्या बँकेकडे जाते. रक्कम खात्यात शिल्लक असेल तर ती बँक तेवढी रक्कम गोठवते. पुढे गेली असेल तर कुठे गेली हे नोंदवते, आणि तीच तक्रार त्या पुढच्या बँकेकडे सरकते. शाखा उघडी असण्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यानंतर मोबाईलवर पोचक्रमांक येतो आणि cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण करावी लागते.

आमच्या पैशांचे काय झाले, हे सायबर पोलिसांनी पुढे खातेउताऱ्यांवरून दाखवले. पहिले ४९,९९९ रुपये एका वॉलेटमध्ये जाऊन काही मिनिटांतच भेटकार्डांच्या खरेदीत संपले होते. ते शुक्रवारी रात्रीही वाचले नसते. दुसरी रक्कम एका बचत खात्यात जाऊन तिथून दोन खात्यांत विभागली गेली. त्यांपैकी एका खात्यात ३१,४०० रुपये गोठले. दुसऱ्या खात्यातले १८,५०० रुपये शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास एटीएममधून काढले गेले. तिसऱ्या व्यवहाराचे २५,००० रुपयेही त्याच सकाळी नऊनंतर निघाले. म्हणजे ४३,५०० रुपये रात्रभर खात्यांत पडून होते आणि आम्ही सोमवारच्या अर्जाचा मसुदा लिहीत होतो. "ओटीपी गेला तिथेच विषय संपला" असे मेहुणे आजही म्हणतात. हे दोन आकडे मी त्यांना दाखवले आहेत.

माणसे सापडतात का, याचे उत्तर अर्धे होय असे आहे. पोलीस बँकेला नोटीस देऊन खाते उघडण्याचा अर्ज, त्याला जोडलेला मोबाईल क्रमांक आणि पैसे काढलेल्या एटीएमचे चित्रण मागवतात. हे चित्रण फार काळ ठेवले जात नाही, त्यामुळे तिथेही उशीर भोवतो. आमच्या प्रकरणात दुसऱ्या राज्यातला एक तरुण हाती लागला. त्याने काही हजार रुपयांसाठी आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला देऊन टाकले होते. फोनवर बोलणारा मात्र मिळाला नाही, कारण त्याचे सिम तिसऱ्याच माणसाच्या कागदपत्रांवर घेतलेले होते. खातेधारकापर्यंत पोलीस बहुधा पोहोचतात. सूत्रधारापर्यंत जायचे तर एकाच टोळीच्या अनेक तक्रारी एकमेकींना जोडाव्या लागतात. त्यासाठी तुमच्या आईची तक्रारही नोंदली गेली पाहिजे, रक्कम परत मिळो वा न मिळो.

आम्हाला एका ठाण्यातून "पैसे परराज्यात गेले, इथे नोंद होणार नाही" असे सांगून परत पाठवले गेले. हे चुकीचे होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, आणि तसे केल्यास तीन दिवसांत सही करावी लागते.

गोठलेली रक्कम आपोआप खात्यात येत नाही. आमच्या वेळी ती सोडण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागला. आम्ही अर्ज केला, पोलिसांनी आपला अहवाल दिला आणि ३१,४०० रुपये पाच महिन्यांनी जमा झाले.

बँकेबाबतही एक गोष्ट सांगायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे असते, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून १९३० नंतर लगेच बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर कार्ड बंद करून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. आईने स्वतःहून पैसे पाठवले असतील तर बँकेकडून भरपाईची फार आशा ठेवू नका.

तक्रारीनंतर दोन महिन्यांनी वडिलांना "सायबर कक्षातून बोलतोय, उरलेली रक्कम मंजूर झाली आहे, अडीच हजार शुल्क भरा" असा फोन आला. फसलेल्या माणसाला असा दुसरा फोन येऊ शकतो, हे आईला आजच सांगून ठेवा. पोलीस रक्कम सोडण्यासाठी शुल्क मागत नाहीत. वडिलांनी त्या माणसाला आमचा पोचक्रमांक विचारला, त्याला तो सांगता आला नाही, आणि त्यांनी फोन ठेवला. त्या वेळी मेहुणे समोरच बसले होते. पैसे गेलेले नसल्याने तो क्रमांक आम्ही दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरील 'चक्षू' या सुविधेवर नोंदवला, आणि त्यातली सगळी माहिती वडिलांनी स्वतः भरली.