कोटेशननंतर लाकडाचा भाव वाढला तर?

ऑर्डरच्या फर्निचरचं कोटेशन दिल्यावर डिलिव्हरीपर्यंत लाकूड महागलं, तर नुकसान कसं टाळायचं?

लाकूड आणि मजुरी वेगळ्या ओळींत लिहा. लाकडापुढे घनफूट, दर आणि तारीख टाका. घनफूट घट धरूनच: तयार टेबलात 6 घनफूट असेल तर खरेदी साधारण 8 ची होते, आणि भाववाढ त्या 8 वर बसते. समजा लाकूड एकूण रकमेच्या 40 टक्के आहे आणि ते 15 टक्क्यांनी महागलं, तर बिल 6 टक्केच वाढतं. मजुरी तीच राहते. मी तर लाकडापुरता अॅडव्हान्स मिळाला की लगेच माल उचलतो. अॅडव्हान्स उशिरा आला तर त्या दिवशीचा दर, आणि दर उतरला तर फायदा गिऱ्हाइकाचा, हेही कोटेशनवरच लिहा.