केली १०% सांगतो, मग बॉट २-३% च का लावतात?

दर पैजेत भांडवलाचा किती हिस्सा लावायचा हे सांगणाऱ्या केलीच्या सूत्राने १०% लावा असं येतं, तरी आपोआप पैजा लावणारे बॉट २-३% च का लावतात?

कारण सूत्रातली शक्यता हा बॉटचा अंदाज असतो, आणि तो बहुधा जुन्या डेटावर जुळवून फुगलेला असतो. समान परताव्याच्या पैजेत केली म्हणजे `2p − 1`, इथे `p` ही जिंकण्याची शक्यता. बॉटला जिंकण्याची शक्यता ५५% वाटली, म्हणून १०% आले. खरी शक्यता ५२% निघाली तर योग्य आकडा ४% च. केलीच्या दुपटीपुढे गेलात की पैज फायद्याची असूनही भांडवल हळूहळू झिजतं. इथे १०% लावणारा नेमका तिथेच सापडतो. पाव केलीवाला, म्हणजे २.५% लावणारा, तरतो.

शिवाय अंदाज अचूक असला तरी पूर्ण केलीत भांडवल कधीतरी निम्म्यावर येण्याची शक्यता साधारण निम्मी. अर्ध्या केलीत ती आठात एक, आणि वाढ तरीही सुमारे पाऊणपट मिळते. मी तर हा सौदा डोळे झाकून घेईन.