सुपरवायझर आहे, असिस्टंट मॅनेजरला अर्ज टाकू का?

जळगाव एमआयडीसीत पाईपच्या कंपनीत ४ वर्षं सुपरवायझर आहे, दुसरीकडे असिस्टंट मॅनेजरची जागा निघालीय, अर्ज टाकू का? रेझ्युमेत काय लिहू?

भाऊ, जाहिरातीतली कामं एकेक वाच आणि बघ, साहेब रजेवर असताना त्यातलं काय काय तू एकट्याने निभावलंय. निम्म्याहून जास्त असेल तर टाकच. माणसं सांभाळली पण खर्चाचा हिशोब कधीच हातात नव्हता असं असेल, तर इंटरव्ह्यूत तिथंच अडकशील, आधी ते काम मागून घे.

हुद्दा मात्र सुपरवायझरच लिही, वाढवलास तर एक्सपिरियन्स लेटर तपासताना उघडं पडतं आणि हातची ऑफर जाते. त्याखाली पहिली ओळ वरच्या कामाची, 'मशीनवर लक्ष ठेवलं' नको, 'तीन शिफ्टचं प्लॅनिंग केलं, स्क्रॅप ५ टक्क्यांवरून ३ वर आणलं' अशी, आणि आकडा रजिस्टरमधला खरा हवा, कारण कसा आणला ते विचारतातच.