बाणांचा मार्ग आणि रंगांची संख्या: वाचकांचे प्रश्न

कडेने जोडलेल्या बिंदूंना वेगळे रंग द्यायचे, तर ग्राफमधल्या पंचकोनी चक्राला तीन रंग लागतात. मी प्रत्येक कडेवर बाण काढून सगळे एकाच दिशेने फिरवले, तर पाच बिंदूंचा मार्ग मिळाला. मग रंगांची संख्या बाणांच्या सर्वांत लांब मार्गाशी जोडणारं गॅलाई-रॉय प्रमेय चुकलं का?

नाही. प्रमेय सगळ्या दिशा-रचनांमधल्या, म्हणजे कडांवर बाण काढण्याच्या सगळ्या प्रकारांमधल्या, सर्वांत चांगल्या रचनेबद्दल बोलतं. ग्राफला कमीत कमी χ रंग लागत असतील, तर कोणत्याही रचनेत किमान χ बिंदूंचा मार्ग सापडतोच, आणि एखादी रचना अशी असते की त्याहून लांब मार्ग निघत नाही. इथे मोजायचे ते बिंदू. कडा मोजल्या तर उत्तर एकाने कमी येतं.

ती रचना रंगांवरूनच मिळते. अ, ब, क, ड, इ यांना अनुक्रमे 1, 2, 1, 2, 3 हे रंग द्या आणि प्रत्येक बाण लहान रंगाकडून मोठ्याकडे काढा. मार्गावर रंग वाढतच जातो, म्हणून तीनपेक्षा जास्त बिंदू बसत नाहीत. क→ड→इ हा तीनचा मार्ग मात्र आहे.

प्रत्येक बिंदूला तिथे संपणाऱ्या सर्वांत लांब मार्गातली बिंदूसंख्या हाच रंग दिला. शेजाऱ्यांना सारखाच रंग आला. कुठे चुकलं?

चक्र न तोडता मोजलंत. अ→ब→क→ड→इ→अ या रचनेत प्रत्येक बिंदूपाशी पाच बिंदूंचा मार्ग संपतो, म्हणजे सगळ्यांचा रंग 5. आधी काही बाण बाजूला ठेवून उरलेला भाग चक्रमुक्त करायचा, आणि तो जास्तीत जास्त मोठा ठेवायचा: बाजूला काढलेला कोणताही बाण परत घातला की चक्र झालंच पाहिजे. बरेच जण नेमकी ही अट विसरतात. अ→ब आणि ब→क दोन्ही काढले, तर ब आणि क दोघांनाही 1 मिळतो आणि ते तर शेजारी. अ→ब परत घालता येतो. घातल्यावर ब ला 5 मिळतो आणि भांडण मिटतं.

ठेवलेला बाण असेल तर पुढच्या बिंदूचा आकडा मोठाच असतो. काढलेला बाण य→र असेल, तर तो परत घातल्यावर चक्र होतं, याचा अर्थ उरलेल्या भागात र पासून य पर्यंत मार्ग आहेच. त्या मार्गावर आकडे वाढत जातात, म्हणून य आणि र यांचे रंग वेगळे. रंग मूळ रचनेतल्या सर्वांत लांब मार्गापेक्षा जास्त लागत नाहीत.

मग कमीत कमी रंग काढायला ही पद्धत चालेल?

फक्त वरची मर्यादा मिळेल. चक्रमुक्त रचनेत आकडे देणं सोपं, प्रत्येक बाण एकदा पाहिला की झालं. पण योग्य रचना निवडणं हे रंगवण्याइतकंच अवघड; तीन रंग पुरतात का हे ठरवणंच एनपी-पूर्ण आहे.

स्पर्धेच्या ग्राफशी याचा संबंध काय?

सगळे सगळ्यांशी खेळले, तर n खेळाडूंच्या ग्राफला n रंग लागतात. म्हणून निकाल कसेही लागोत, सर्वांना एका ओळीत असं बसवता येतं की प्रत्येकाने पुढच्याला हरवलेलं असतं. रेडेईने हे 1934 मध्येच सिद्ध केलं होतं. वरचं प्रमेय 1960 च्या दशकात विटावर, हासे, रॉय आणि गॅलाई यांनी वेगवेगळं काढलं.