२९ फेब्रुवारीला घेतलेल्या वस्तूची एक वर्षाची वॉरंटी कधी संपते?

प्रश्न: म्हापशातून २९ फेब्रुवारी २०२४ रोजी वॉशिंग मशीन घेतले. कार्डावर 'खरेदीच्या तारखेपासून एक वर्ष' असे आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी ते बंद पडले आणि त्याच दिवशी मी तक्रार नोंदवली. सर्व्हिस सेंटर म्हणते, वॉरंटी २७ लाच संपली. हे बरोबर आहे का?

उत्तर: माझ्या मते नाही, तुमची वॉरंटी २८ फेब्रुवारी २०२५ च्या मध्यरात्रीपर्यंत होती. मी पणजीत वकिली करतो, आणि तारखांच्या मोजणीवरून होणारे असे वाद बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर येऊन ठेपतात: पहिला दिवस धरायचा की नाही.

'अमुक तारखेपासून' असे शब्द असतील तेव्हा ती तारीख सोडून पुढच्या दिवसापासून मोजावे, हे तत्त्व १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ९ मध्ये आहे. तो कायदा मुळात अधिनियमांचा अर्थ लावण्यासाठी आहे आणि तुमचे कार्ड हा खाजगी करार आहे; तरीही करारात वेगळे काही लिहिलेले नसेल, तर मोजणीची हीच रीत धरण्यासारखी आहे. त्याप्रमाणे तुमचे वर्ष १ मार्च २०२४ रोजी सुरू होते आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी संपते.

मग २७ तारीख आली कुठून? बहुधा बिलिंगच्या संगणकातून. एक्सेलमध्ये `=EDATE(A1,12)` हे सूत्र २९ फेब्रुवारीत बारा महिने मिळवते, २०२५ मध्ये ती तारीख नसल्यामुळे २८ वर थांबते, आणि पहिला दिवस धरणाऱ्यांच्या सवयीप्रमाणे त्यातून आणखी एक दिवस वजा केला की २७ येते. `=DATE(YEAR(A1)+1,MONTH(A1),DAY(A1))` हे सूत्र मात्र त्याच तारखेवरून १ मार्च देते, म्हणून तोच एक दिवस वजा केला तरी २८ उरते. म्हणजे तुमच्या हक्काचा दिवस कराराने नव्हे, सूत्र लिहिणाऱ्याने ठरवला.

सर्व्हिस सेंटर असेही म्हणू शकेल की खरेदीचा दिवस धरल्यास २७ तारखेला ३६५ दिवस भरतात. हा हिशेब खरा आहे, पण कार्डावर ३६५ दिवस नाहीत, एक वर्ष आहे, आणि वर्ष कॅलेंडरप्रमाणे मोजले जाते. कार्डावर 'बिलाच्या तारखेसह ३६५ दिवस' असे स्पष्ट छापलेले असते, तर मात्र मी तुम्हांला वाद घालण्याचा सल्ला दिला नसता. शब्द संदिग्ध असतील, तर ते ज्याने छापले त्याच्याविरुद्ध अर्थ लावण्याची पद्धत आहे, हेही तुमच्या बाजूचे आहे.

तक्रार क्रमांक आणि त्यावरील २८ तारखेची नोंद जपून ठेवा. तंत्रज्ञ मार्चमध्ये आला तरी बिघडत नाही, कारण दोष आणि सूचना दोन्ही मुदतीतले आहेत. आधी कंपनीला लेखी पत्र द्या आणि त्यात वरची मोजणी तारखांसह मांडा. त्यांनी ऐकले नाही, तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे.