रोजचे बारा टीबी

प्रश्न: अडीच वर्षं डेटा इंजिनिअर आहे, मुंबईत. रिझ्युमेमध्ये पाइपलाइन, डेटा व्हॉल्यूम, शेड्युलिंग, खर्चातली बचत हे सगळं कसं लिहायचं? आमचा डेटा फार मोठा नाही, रोज १५-२० जीबी. मित्र म्हणतात आकडा वाढवून लिही, कोण तपासतंय. एक पान ठेवू की दोन?

उत्तर:

तपासतात. माझा आकडा पवईतल्या एका मुलाखतीत, माझ्यासमोर, कागदावर भागाकार करून तपासला गेला होता. म्हणून लिहायला बसले.

तेव्हा मला तीन वर्षांचा अनुभव होता. आमच्याकडे ऑर्डरचे इव्हेंट यायचे, जेसन फाइल, जीझिप केलेल्या, रोज साधारण सव्वा जीबी. तेरा महिन्यांच्या फाइल एस-थ्रीवर साठून पाचशे जीबी झाल्या होत्या आणि त्याच कच्च्या फाइलींवर कुणीतरी अथीनाचं टेबल बांधून डॅशबोर्ड लावून दिला होता. पार्टिशन नव्हतं. डॅशबोर्डला दाखवायचे असायचे शेवटचे तीस दिवस, पण क्वेरीत तारखेची अट असली तरी कुठल्या फाइलीत कुठली तारीख आहे हे अथीनाला कळायला मार्गच नव्हता, त्यामुळे दर वेळी सगळे पाचशे जीबी वाचले जायचे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाला रिफ्रेश, म्हणजे दिवसाला चोवीस वेळा. पाचशे जीबी गुणिले चोवीस, बारा टीबी. अथीना स्कॅन केलेल्या डेटावर पैसे लावतं, आमचा दर टीबीला पाच डॉलर होता. दिवसाला साठ, महिन्याला अठराशे डॉलर, एका डॅशबोर्डसाठी.

हे मी शोधलं. कुणी सांगितलं नव्हतं, बिल बघताना खटकलं. मग रात्रीच्या स्पार्क जॉबमध्येच त्या दिवसाचा डेटा पार्केमध्ये, तारखेच्या पार्टिशनमध्ये लिहायला सुरुवात केली, जुना डेटा एकदाच फिरवून घेतला आणि डॅशबोर्ड नव्या टेबलवर वळवला. पार्के कॉलमनुसार साठवतं. डॅशबोर्डला सहाच कॉलम लागायचे, तीसच दिवस लागायचे. एक रिफ्रेश पाचशे जीबीवरून दीड जीबीवर आला. स्कॅनचा खर्च महिन्याला पाच-साडेपाच डॉलर, जॉबचा वाढलेला खर्च धरून वीसच्या आसपास.

नोकरी बदलायचं ठरलं तेव्हा रिझ्युमे आमच्या टीम लीडना दाखवला. माणूस अनुभवी, त्यांच्या शब्दाला ऑफिसात वजन होतं. मी लिहिलं होतं, "रोज सव्वा जीबी इव्हेंट डेटाची पाइपलाइन." त्यांनी ते खोडलं. म्हणाले, "सव्वा जीबी बघून कोण बोलावेल तुला? बिलात रोजचे बारा टीबी दिसतात ना, ते लिही. खोटं नाहीये ते." मी वाद घातला, पण तासाभराने बारा टीबी लिहून मोकळी झाले.

पवईच्या मुलाखतीत समोरचे गृहस्थ शांत होते. विचारलं, "बारा टीबी रोजचे की एकूण?" मी म्हटलं, रोजचे. "जॉब किती मशीनवर चालतो, किती वेळ?" मी खरं ते सांगितलं, तीन मशीन, पंधरा मिनिटं. त्यांनी कागद ओढला. बारा हजार जीबी भागिले नऊशे सेकंद. सेकंदाला तेरा जीबीच्या वर, मशीनमागे चार-साडेचार. कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "ही कुठली मशीन आहेत, आम्हालाही सांगा." त्यानंतरची वीस मिनिटं मी काय बोलले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की पार्केचं काम मी नीट सांगूच शकले नाही, कारण ते सांगायचं तर बारा टीबी ही आमची चूक होती हे आधी कबूल करावं लागलं असतं. जो वाया जाणारा डेटा मी बंद केला, तोच मी स्वतःचं कर्तृत्व म्हणून लिहिला होता. परतीच्या डोंबिवली लोकलमध्ये दाराशी उभं राहून तो भागाकार मी पुन्हा पुन्हा करत होते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: व्हॉल्यूम म्हणजे रोज नवीन किती येतं ते, आणि सोबत साठा किती आहे ते. कॉम्प्रेस केलेला आकडा आहे की उघडलेला, तेही सांगा, कारण जेसनमध्ये तो फरक कितीतरी पटींचा असतो. स्कॅन झालेला डेटा हा खर्चाचा आकडा आहे, व्हॉल्यूमचा नाही. तुमचे १५-२० जीबी तसेच लिहा. आकडा, मशीन आणि वेळ एकमेकांशी जुळले की समोरचा पुढचा प्रश्न कामाबद्दल विचारतो.

आज माझ्या रिझ्युमेत ती ओळ अशी आहे (मूळ इंग्रजीत, इथे मराठीत सांगते): "कच्च्या जेसनवरचा डॅशबोर्ड तारखेनुसार पार्टिशन केलेल्या पार्केवर आणला, एका रिफ्रेशचं स्कॅन ५०० जीबीवरून १.५ जीबीवर, त्या डॅशबोर्डचा मासिक खर्च १८०० डॉलरवरून २० डॉलरवर." याच्यावर कितीही प्रश्न विचारा, हिशोब लागतो. "खर्च ९९ टक्के कमी केला" असं मी लिहीत नाही, जरी गणित तेच येतं. कशाच्या ९९ टक्के? आमचं सगळं क्लाउड बिल महिन्याला नऊ हजार डॉलरच्या घरात होतं, त्यातले हे जेमतेम वीस टक्के. टक्केवारी लिहायचीच असेल तर कुठल्या बिलाची ते त्याच ओळीत हवं.

पाइपलाइन किती भरवशाची, हे लिहिणं जास्त अवघड, कारण तो आकडा बिलात नसतो. "पाइपलाइनची विश्वासार्हता वाढवली" ही ओळ मी दुसऱ्याच्या रिझ्युमेत बघितली की लगेच विचारते, कशी मोजली? बरेच जण एअरफ्लोच्या फेल झालेल्या रन मोजतात. ते फसवं आहे. आमचा तोच रात्रीचा जॉब फायनान्ससाठी विक्रीचं टेबल बनवायचा, सकाळी आठपर्यंत ते तयार हवं असायचं. जॉब टेबलला ओळी जोडायचा. लिहून झाल्यावर पुढच्या पायरीवर पडला की एअरफ्लो ठरल्याप्रमाणे रिट्राय करायचा आणि त्याच दिवसाच्या ओळी दुसऱ्यांदा जोडल्या जायच्या. विक्री दुप्पट. सकाळी फायनान्सचा फोन, मग मी घरून ओळी पुसायचे आणि टास्क क्लिअर करून पुन्हा चालवायचे. क्लिअर करून रन पास झाली की तिची नोंद फेलवरून सक्सेस होते. म्हणजे कागदोपत्री आमच्याकडे फेल जवळपास शून्य, आणि फायनान्सची बाई मात्र आठवड्यातून एकदा तरी चिडलेली.

म्हणून वेळ मोजायची. पुन्हा चालवल्यावर रन संपल्याची वेळ नवी पडते, उशीर लपत नाही. एअरफ्लोचा मेटाडेटा पोस्टग्रेसमध्ये असेल तर:

```sql
SELECT COUNT(*) AS total,
       COUNT(*) FILTER (WHERE
         (end_date AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::time > '08:00') AS late
FROM dag_run
WHERE dag_id = 'orders_daily'
  AND run_type = 'scheduled'
  AND end_date > now() - interval '90 days';
```

टाइम झोन विसरू नका, तिथे वेळा यूटीसीत असतात. आणि एखादी रन दुसऱ्या दिवशी पहाटे उरकली असेल तर ती इथे वेळेवर दिसेल, तेवढं डोळ्यांनी बघून घ्या. आमच्या नव्वद दिवसांत सतरा उशीर निघाले.

दुरुस्ती दोन ओळींची होती. जोडायचं बंद करून त्या दिवसाचं पार्टिशनच बदलून टाकायचं, म्हणजे जॉब दहादा चालला तरी टेबल तेच राहतं:

```python
spark.conf.set("spark.sql.sources.partitionOverwriteMode", "dynamic")
df.write.mode("overwrite").partitionBy("dt").parquet(path)
```

पहिली ओळ विसरलात तर स्पार्कची मूळ सेटिंग `static` असते आणि एका दिवसाच्या डेटासाठी तो त्या जागेवरची सगळी पार्टिशन उडवतो. मी ते टेस्टच्या बकेटवर करून बघितलं होतं म्हणून निभावलं. पुढच्या नव्वद दिवसांत उशीर दोन. "विक्रीचं टेबल सकाळी ८ नंतर तयार होण्याचे प्रसंग ९० दिवसांत १७ वरून २, रिट्रायने ओळी दुप्पट होणं बंद केलं." पुढच्या मुलाखतीत पाऊण तास या एकाच ओळीवर बोलणं झालं आणि ती नोकरी मिळाली.

शेड्युलिंगबद्दल एवढंच की "एअरफ्लो, क्रॉन" अशी यादी लिहून काही कळत नाही. किती डॅग, किती वाजता, कशाची वाट बघून सुरू होतात आणि कुणाला किती वाजता डेटा हवा असतो, हे पाइपलाइनच्याच ओळीत घाला. टूलच्या नावांची पंधरा-वीस शब्दांची पट्टी शेवटी असू द्या, एचआरचं सर्च तिच्यावरच चालतं.

आमचे ते टीम लीड अजूनही नव्या मुलांना हेच सांगतात, आकडा मोठा हवा. माझं म्हणणं असं की मोठ्या आकड्याने फोन येत असेलही, पण फोननंतर खुर्चीत तुम्ही बसता, ते नाही. कमी डेटावर बोलावणंच येत नाही हे त्यांचं म्हणणं काही ठिकाणी खरं आहे, हे मान्य करते. जिथे रोजचे कित्येक टीबी हाताळायचे आहेत तिथे माझा सव्वा जीबी बघून बोलावणार नाहीत. पण तिथे खोट्या बारा टीबीवर गेले असते तर पहिल्याच आठवड्यात उघडी पडले असते.

कंपनीच्या बिलाचे डॉलर बाहेर लिहायला परवानगी नसेल, तर स्कॅन किती जीबीवरून किती जीबीवर आलं तेवढंच लिहा. जीबीचा आकडाही चालत नसेल तर किती पट ते. कामात आणखी कुणी होतं तर तुमचा भाग कोणता ते स्पष्ट करा, माझ्या त्या कामात डॅशबोर्ड वळवणारा मुलगा वेगळा होता आणि मी तसं सांगते.

अडीच वर्षांना एक पान पुरतं.